सोनं सापडलं तर तुमचा जबाब पुरावा, ड्रग्ज सापडले तर नाही: कस्टम्स, जीएसटी आणि ईडीची अटक पोलिसांपेक्षा वेगळी कशी

मुंबई एअरपोर्टवर एकाच टेबलाशी दोन माणसं बसवलीयत असं समजा. एकाच्या कमरपट्ट्यात सोन्याची पेस्ट सापडलीये, दुसऱ्याच्या बॅगेच्या तळाशी हेरॉइन. दोघांनाही डीआरआय, म्हणजे स्मगलिंग पकडणाऱ्या महसूल गुप्तचर खात्याच्याच माणसांनी पकडलंय, दोघांनीही स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की हो, माल माझाच, अमुक माणसानं दिला, इतके पैसे मिळणार होते. वर्षभरानं कोर्टात पहिल्याचा कागद पुरावा म्हणून वाचला जातो आणि दुसऱ्याचा कबुलीजबाब म्हणून वापरताच येत नाही. खातं तेच, टेबल तेच, कदाचित पेन पण तेच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं सांगणारा काहीतरी घोळ करतोय, पण खरंच असंय, आणि हे एकदा नीट समजलं की या सगळ्या खात्यांच्या अटकेचा प्रकार बऱ्यापैकी उलगडतो.

मुळापासून घेऊ. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हे आपल्याला सिनेमे बघून तरी माहीत असतं. ब्रिटिशांच्या काळापासून पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये हे होतं, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 23 आहे. कारण सरळ आहे, चौकीत मारून काहीही वदवून घेता येतं. पण कायद्यातला शब्द आहे ‘पोलीस अधिकारी’. मग प्रश्न येतो की कस्टम्सचा इन्स्पेक्टर, जो अडवतो, झडती घेतो, अटकही करतो, तो पोलीस अधिकारी झाला की नाही?

सुप्रीम कोर्टानं साठच्या दशकातच सांगून टाकलं की नाही. त्यातला एक महत्त्वाचा निकाल 1966 चा, बडकू जोती सावंत विरुद्ध म्हैसूर राज्य, आडनावावरून कळतंच की प्रकरण आपल्या बाजूचं असणार. सोनं सापडलं होतं आणि जबाब घेतला होता सेंट्रल एक्साइजच्या अधिकाऱ्यानं. कोर्टाची कसोटी साधारण अशी होती की या अधिकाऱ्याला पोलिसासारखं कोर्टात चार्जशीट दाखल करता येतं का? येत नाही, त्याला एखाद्या तक्रारदारासारखी कम्प्लेंट दाखल करावी लागते, मग तो पोलीस नाही. 1968 मध्ये कस्टम्स कायद्याबद्दलही हेच ठरलं, वर हेही ठरलं की चौकशीच्या वेळी तुम्ही अजून ‘आरोपी’च नसता, त्यामुळे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा जो घटनेतला हक्क आहे तोसुद्धा त्या टप्प्यावर लागू होत नाही. आरोपी तुम्ही होता ते खात्यानं कोर्टात कम्प्लेंट टाकल्यावर.

मग ड्रग्जवाला कसा सुटला? तर अमली पदार्थांच्या कायद्यात त्या अधिकाऱ्यांना पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे अधिकार दिलेले आहेत, म्हणून 29 ऑक्टोबर 2020 ला तोफान सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं म्हटलं की त्या कायद्याखाली काम करताना हे पोलीसच, सबब त्यांच्यासमोरची कबुली बाद. सोन्याच्या केसमध्ये मात्र जुनंच चालू. म्हणजे अधिकारी पोलीस आहे की नाही हे त्याच्या गणवेशावर नाही, त्या दिवशी तो कुठल्या कायद्याचं पुस्तक उघडून बसलाय त्यावर ठरतं.

आता एक केस सुरुवातीपासून धरू, माणूस काल्पनिक पण क्रम अगदी रोजचा. खेडकडचा एक पोरगा, शारजाहून येतोय, 2 मार्चला पहाटे साडेचारला विमान उतरलं. तिकडे कुणीतरी सांगितलं की हा पट्टा बांधून जा, बाहेर एक माणूस भेटेल, तिकीट आणि वर वीस हजार. हा ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे डिक्लेअर करण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेनं निघाला आणि पाच वाजता त्याला बाजूला घेतलं.

झडतीच्या आधी त्याला विचारलं जातं की तुझी झडती गॅझेटेड अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायची का, हा त्याचा हक्क आहे, कलम 102. बहुतेक जण घाबरून ‘तुम्हीच घ्या’ म्हणतात. दोन पंच बोलावतात, पंचनामा सुरू होतो. पट्ट्यातून मेणासारखी पेस्ट निघते, वजन भरतं 1 किलो 350 ग्रॅम. मग सरकारमान्य व्हॅल्युअर येतो, पेस्ट वितळवतो, शुद्धता बघतो आणि सर्टिफिकेट देतो: निव्वळ सोनं 1150 ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळं याच्यावर फिरतं.

पंचनामा झाला की हातात समन्स येतं, कस्टम्स कायदा कलम 108. समन्स आलं की हजर राहणं आणि खरं बोलणं बंधनकारक, खोटं बोललात तर खोट्या साक्षीचा वेगळा गुन्हा, कारण ही चौकशी ‘न्यायिक कार्यवाही’ मानलेली आहे. पोलीस चौकीत तुम्ही गप्प बसू शकता. इथं गप्प बसायची सोय फार कमी. वकील शेजारी बसवायचा हक्क पण नाही, सुप्रीम कोर्टानं 1992 मध्येच तसं सांगितलंय, फक्त अलीकडे कोर्टं एक मधला मार्ग देतात की वकील काचेपलीकडे बसेल, त्याला दिसेल पण ऐकू जाणार नाही. त्याचा फायदा एवढाच की कुणी हात उचलला तर साक्षीदार असतो. पहाटे पाचला पकडलेल्या पोराकडे अर्थातच कुठला वकील.

हे स्टेटमेंट प्रत्यक्षात कसं असतं तर सुरुवातीला छापील वाटावा असा मजकूर, मला कलम 108 च्या तरतुदी समजावून सांगितल्या, खोटं बोलणं गुन्हा आहे हे मला कळलं. मग नाव, गाव, शिक्षण, घरी कोण कोण. मग प्रश्न आणि उत्तरं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, वरील जबाब मी स्वखुशीनं, कुठल्याही दबावाशिवाय दिलेला आहे. प्रत्येक पानावर सही आणि तारीख. मराठी मीडियममधून दहावी झालेला पोरगा, आणि जबाब बऱ्याचदा हिंदीत किंवा इंग्रजीत, खाली एक ओळ की मला वाचून दाखवला आणि समजला. इथंच खरी गोम असते. ‘पट्ट्यात काहीतरी आहे एवढं माहीत होतं’ आणि ‘पट्ट्यात सोनं आहे हे मला माहीत होतं’ या दोन वाक्यांमध्ये त्याला काही फरक वाटत नाही, तो थकलेला असतो, घरी फोन करायचा असतो, सही करून टाकतो.

आता घड्याळ बघा. अटकेच्या मेमोवर वेळ लिहिली रात्री 11:30. दुसऱ्या दिवशी 3 मार्चला दुपारी तीनला त्याला किल्ला कोर्टात उभं केलं. मेमो धरला तर साडेपंधरा तास झाले, चोवीसच्या आत, सगळं कायदेशीर. पण त्याला अडवलं होतं पहाटे पाचला, तिथून मोजलं तर चौतीस तास. मग नक्की कुठून मोजायचं? मुंबई हायकोर्टानं कस्टम्सच्याच एका प्रकरणात 1990 मध्ये म्हटलं होतं की अटक सुरू होते ती माणसाच्या हालचालीवर बंधन येतं तेव्हा, अधिकारी कागदावर ‘अटक’ असा शिक्का मारतो तेव्हा नाही. खातं यावर म्हणतं की छे, तो समन्सवर आला होता, चौकशीला सहकार्य करत होता. मग कोर्ट बघतं ते बारीकसारीक गोष्टी: पासपोर्ट आणि फोन कुणाकडे होता, त्याला बाहेर जायची मुभा होती का, पंचनामा किती वाजता सुरू झाला, समन्सवर वेळ काय लिहिलीये. म्हणून अशा केसमध्ये चांगला वकील आधी बोर्डिंग पासचा तुकडा आणि पंचनाम्याची वेळ मागतो, बाकीचं नंतर.

अटक करायची की नाही हे मात्र तिथला इन्स्पेक्टर मनानं ठरवू शकत नाही. पोलिसाला दखलपात्र गुन्ह्यात वाजवी संशयावर अटक करता येते, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटक का गरजेची ते लिहावं लागतं, नाहीतर आधी नोटीस. कस्टम्सच्या कलम 104 मध्ये शब्द आहेत ‘मानण्यास कारण’, आणि 27 फेब्रुवारी 2025 ला राधिका अगरवाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की ही पायरी पोलिसाच्या संशयापेक्षा वरची आहे, हातात ठोस काहीतरी पाहिजे आणि ते लिहिलेलं पाहिजे. अधिकारीही कमिशनरनं अधिकार दिलेलाच हवा. म्हणजे गंमत बघा, अटक करणं कागदावर पोलिसांपेक्षा अवघड, पण एकदा बसवलं की तुमचा शब्द पोलिसांसमोरच्यापेक्षा कितीतरी जड.

आता ते 1150 ग्रॅम. हिशोब सोपा जावा म्हणून भाव दहा हजार रुपये ग्रॅम धरू, किंमत झाली 1 कोटी 15 लाख. कायदा म्हणतो, डिक्लेअर न केलेल्या मालाची बाजारातली किंमत एक कोटीच्या वर गेली तर गुन्हा अजामीनपात्र आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. हेच सोनं 980 ग्रॅम निघालं असतं तर किंमत 98 लाख, आणि मग या कारणापुरता तरी गुन्हा जामीनपात्र. जामीनपात्र असेल तर कस्टम्सचा अधिकारीच त्याला जामिनावर सोडू शकतो, ठाण्याच्या प्रमुखासारखा तेवढा अधिकार त्याला दिलाय. म्हणून व्हॅल्युअरच्या सर्टिफिकेटवरचं निव्वळ वजन, शुद्धता आणि त्या दिवशीचा भाव यावर वकील भांडतात. पेस्टचं ढोबळ वजन धरून कुणी हिशोब केला तर 1 कोटी 35 लाख होतात, आणि तो चुकीचा असतो. अजून एक गोष्ट जिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही: भाव पाच हजार होता तेव्हा एक कोटी व्हायला दोन किलो लागायचं, दहा हजारला एकच किलो पुरतं. कायद्याचा आकडा तसाच राहिला आणि सोनं महाग झालं, त्यामुळे जो कॅरिअर पूर्वी संध्याकाळी जामिनावर घरी गेला असता तो आज आर्थर रोडला जातो.

आणि सोन्याच्या बाबतीत अजून एक उलटी गोष्ट. ते स्मगलिंगचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडून जप्त केलं त्याच्यावर असते, कलम 123. चोरीच्या केसमध्ये पोलिसांना सिद्ध करावं लागतं की मोबाइल चोरीचा आहे, इथं तुम्ही पावती दाखवायची.

जीएसटीचं गणित वेगळं पण ढाचा तोच. तिथं अटकेला कमिशनरची मंजुरी लागते, कलम 69, आणि सगळं कराच्या रकमेवर चालतं. दोन ते पाच कोटींच्या मध्ये असेल तर जामीनपात्र, पाच कोटींच्या वर काही ठरावीक गुन्हे अजामीनपात्र, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. लोक इथं उलाढाल आणि कर यात गल्लत करतात. भिवंडीतल्या एखाद्या भंगारवाल्यानं माल न घेता नुसती बिलं घेऊन क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उचललं असेल तर 18 टक्क्यांनी पाच कोटींचा कर व्हायला साधारण 28 कोटींची बिलं लागतात. 28 कोटी ऐकून त्याला घाम फुटतो पण कायदा बघतो ते पाच. आणि म्हणून क्रेडिट 4 कोटी 80 लाख की 5 कोटी 20 लाख यावर रात्र रात्र भांडण चालतं, कारण मधे फक्त चाळीस लाख आहेत पण पलीकडे जेल आहे.

जीएसटीच्या धाडीत एक प्रकार फार चालायचा, अजूनही ऐकू येतो. रात्री अकराला सांगायचं की आत्ता एवढे भरा नाहीतर अटक, आणि माणूस तिथंच ऑनलाइन चलन भरतो, कागदावर दिसतं की ‘स्वेच्छेनं’ भरलं. माझ्या ओळखीतल्या एका दुकानदारानं बायकोचे दागिने गहाण टाकून असे पैसे भरले होते, खात्याचं नाव नको. राधिका अगरवालच्या निकालात याचीही दखल आहे, जबरदस्तीनं भरायला लावलं असेल तर कोर्टात जाऊन परत मागता येतात. त्याच निकालानं हेही सांगितलं की एफआयआर नसला तरी अटकेची खरी भीती असेल तर अटकपूर्व जामीन मागता येतो. हे महत्त्वाचंय कारण या खात्यांमध्ये एफआयआर नावाचा प्रकारच नसतो. पोलिसांच्या केसमध्ये एफआयआर नेटवर मिळतो, वाचून कळतं तरी की आरोप काय. इथं समन्स येतं, त्यावर तुम्ही साक्षीदार म्हणून जाताय की उद्याचे आरोपी म्हणून हे कळायला मार्ग नसतो.

ईडीकडे एफआयआरच्या जागी ईसीआयआर असतो, पण 27 जुलै 2022 च्या विजय मदनलाल चौधरी निकालानुसार तो आरोपीला दिलाच पाहिजे असं नाही, खात्याचा आतला कागद आहे. ईडीचे अधिकारी पोलीस नाहीत, त्यांच्यासमोरचा मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम 50 चा जबाब पुराव्यात चालतो, हे पण त्याच निकालात. मात्र ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं थोडा ब्रेक लावला: माणूस आधीच ईडीच्या केसमध्ये कोठडीत असेल आणि त्याच तपास यंत्रणेनं त्याच्याकडून स्वतःला अडकवणारा जबाब घेतला तर तो चालणार नाही. अटकेची कारणं लेखी हातात द्यायची हे ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल निकालात ठरलं, नुसती वाचून दाखवली तर अटकच रद्द होऊ शकते. आणि जामीन? साध्या केसमध्ये सरकारनं दाखवायचं की याला आत का ठेवावं. ईडीच्या केसमध्ये जज्जला वाटलं पाहिजे की हा माणूस दोषी नसावा, तेही खटला सुरू व्हायच्या आधी. बायका, आजारी माणसं आणि एक कोटीच्या आतली प्रकरणं यांना यातून थोडी सूट मिळू शकते, बाकीच्यांना वर्षानुवर्षं बसावं लागलंय.

रात्रीच्या जबाबांबद्दल मुंबई हायकोर्टानं एप्रिल 2024 मध्ये ईडीला चांगलंच ऐकवलं होतं. 64 वर्षांचे एक व्यावसायिक दिवसा समन्सवर गेले, त्यांचा जबाब रात्रभर पहाटेपर्यंत चालला आणि मग अटक. कोर्टानं म्हटलं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, जबाब माणसांच्या वेळेला घ्या. पण अटक काही रद्द केली नाही. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवलं पाहिजे, पेपरात मथळा पहिल्याचा आला होता.

इन्कम टॅक्सबद्दल लोकांचा गैरसमज फार आहे. धाड पडली की शेजारी विचारतात, नेलं का? इन्कम टॅक्सवाले घर उलथंपालथं करतात, लॉकर सील करतात, शपथेवर जबाब घेतात, पण धाडीत अटक करायचा अधिकार त्यांना नाही. थकलेला कर बुडवायला पैसे लपवणाऱ्याला वसुली अधिकारी दिवाणी जेलमध्ये टाकू शकतो, तो वेगळा आणि क्वचितचा प्रकार. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात’ म्हणणारा तर सरळ चोर समजा, यातल्या एकाही खात्याला फोनवर अटक करता येत नाही. अटक म्हणजे समोर माणूस, हातात मेमो, नातेवाइकाला कळवणं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट.

तर परत खेडच्या पोराकडे, 3 मार्च, दुपारी तीन. मॅजिस्ट्रेट विचारतात, काही तक्रार? ही वेळ फार मोलाची असते आणि बहुतेक जण मान हलवून ‘नाही साहेब’ म्हणतात. जबाब दबावाखाली घेतला असेल तर तो मागे घेतोय हे इथंच किंवा लगेच जेलमधून लेखी कळवायचं असतं. मागे घेतल्यानं तो जबाब नाहीसा होत नाही, पण मग कोर्ट त्याला आधार देणारा दुसरा पुरावा शोधायला लागतं. सहा महिन्यांनी वकिलाच्या सल्ल्यानं मागे घेतला तर कोर्ट म्हणतं इतके दिवस काय करत होतात.

त्याला कोठडी मिळाली. इथून साठ दिवसांत कस्टम्सनं कम्प्लेंट दाखल केली नाही तर जामीन हा त्याचा हक्क होतो. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा, म्हणजे मार्चचे 29, एप्रिलचे 30, आणि 1 मे ला साठावा दिवस. 2 मे ला सकाळी कोर्ट उघडल्या उघडल्या वकिलानं अर्ज टाकला आणि खात्यानं त्याच दिवशी दुपारी कम्प्लेंट आणून दिली, तरी जामीन मिळतो, कारण अर्ज आधी लागलाय. वकील दुपारी जेवून आला आणि कम्प्लेंट बाराला लागली असेल, तर हक्क गेला.